घोषणा आणि खो : शाळेच्या संघासाठी एक गाणं

कुंडलच्या कुस्ती मैदानाचा आवाज मी अनेक वर्षं घरात बसून ऐकत आले आहे. मैदानाच्या दिवशी कर्ण्यावरून दोन गोष्टी कानावर येतात. एक हलगी, तिच्यासोबत घुमकं आणि कैताळ. दुसरी म्हणजे कुस्तीचं निवेदन करणाऱ्याचा आवाज. हलगी काही बोलत नाही, पण कुस्तीवर नजर ठेवून वाजते. दोन्ही पैलवान नुसते हात अजमावत असले की ती रेंगाळते आणि एकानं पट काढला की धावू लागते. निवेदकही 'शूर हो, वीर हो' असं फारसं म्हणत नाही. तो डावाचं नाव घेतो. पट काढला, कब्जा घेतला, ढाक लावली, घिस्सा मारला. मग पैलवानाची तालीम आणि वस्ताद सांगतो. एवढ्यावर हजारो माणसं उभी राहतात. पैलवानाला चेव येतो तो त्यानं नेमकं काय केलं हे कुणीतरी अचूक पाहिलं म्हणून, अशी माझी समजूत आहे.

हे आरंभीच सांगायचं कारण असं, की या लेखात मला एका अगदी लहान रचनेविषयी लिहायचं आहे. ती कुठे छापलेली नाही. आमच्या तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुलींच्या खो-खो संघासाठी ती तयार झाली. तयार करणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे तिची स्तुती मी केली तर वाचकांनी ती सोडून द्यावी. पण ती रचताना जे खोडलं, जे ठेवलं आणि जे शेवटपर्यंत जमलं नाही, त्यावरून 'प्रेरणागीत' या प्रकाराविषयी काही म्हणता येईल असं वाटतं. या प्रकाराकडे आपली समीक्षा वळून पाहत नाही. शाळाशाळांत मात्र तो रोज गायला जातो.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगते. सगळ्या शाळांत असतं तेच होतं. 'जिंकू', 'झुंजू', 'आकाश', 'वादळ', 'पाऊल पुढे' असे शब्द असलेलं एक गाणं कुणीतरी कधीतरी लिहून दिलेलं होतं. तालुक्याच्या स्पर्धेत मैदानाच्या कडेला आमच्या मुली ते म्हणत होत्या आणि समोरच्या शाळेच्या मुली त्यांचं म्हणत होत्या. चाल वेगळी, शब्द जवळपास तेच. तेव्हा माझ्या मनात एक साधी कसोटी आली. गाण्यातलं संघाचं नाव बदलून दुसऱ्याचं घातलं आणि तरीही एक शब्द हलला नाही, तर ते गाणं त्या संघाचं नाही. पुढे आणखी एक पायरी दिसली. खेळाचं नाव बदललं तरी गाणं चालतं का? खो-खोच्या जागी लांब उडी घातली, रांगोळी स्पर्धा घातली, तरी आमचं गाणं चालत होतं. म्हणजे त्यात खेळच नव्हता.

घोषणेला माझा सरसकट विरोध नाही. घोषणा कुठे खरी ठरते ते पाहण्यासारखं आहे. २००७ साली 'चक दे! इंडिया' हा चित्रपट आला. जयदीप साहनी यांनी लिहिलेलं आणि सुखविंदर सिंग यांनी गायलेलं त्याचं शीर्षकगीत आज कुठल्याही क्रीडादिनी वाजतं. त्या गाण्यात आवाहनच आवाहन आहे, तरीही चित्रपटात ते अंगावर येतं. कारण तोवर आपण त्या मुलींना धापा टाकताना, भांडताना, एकमेकींना चेंडू न देता एकट्यानं पळताना पाहिलेलं असतं. सराव पडद्यावर घडून गेलेला असतो आणि गाणं त्याच्या जोरावर उभं राहतं. तेच गाणं आमच्या शाळेच्या कर्ण्यावर लावलं, की मागचा सराव गळून पडतो आणि नुसतं आवाहन उरतं. घोषणा ही खर्चाच्या पावतीसारखी आहे. खर्च ज्यानं केला त्याच्या हातात तिला अर्थ असतो. दुसऱ्याच्या हातात तो कागद असतो.

याच्या उलट उदाहरण २०१६ च्या 'दंगल'मधलं आहे. त्या चित्रपटाचं शीर्षकगीत दलेर मेहंदी यांच्या आवाजात आहे आणि ते गर्जनेचं आहे. पण माझ्या वर्गातल्या मुलींच्या तोंडी ते नव्हतं. त्यांच्या तोंडी होतं 'हानिकारक बापू'. अमिताभ भट्टाचार्य यांनी ते लिहिलं, प्रीतम यांनी चाल दिली आणि राजस्थानातल्या सरवर खान व सरताज खान या दोन मुलांनी ते गायलं. त्यात प्रेरणेचा एक शब्द नाही, सगळी तक्रार आहे. टॉफी गेली, चूर्ण गेलं, बालपण गेलं, बाप तब्येतीला घातक आहे. पडद्यावर तेव्हा पहाटेची धाव, बंद झालेले तिखट-आंबट पदार्थ, कापलेले केस असं सगळं दिसत असतं. कुस्ती शिकताना मुलींचं काय काय हिरावलं जातं याची ती यादी आहे. आणि ती यादी म्हणता म्हणता मुलींना हुरूप येतो. हे कोडं मला बराच काळ सुटत नव्हतं.

मला सुचलेलं उत्तर असं. घोषणेचं गाणं मुलीला सांगतं की तू थकत नाहीस, आणि मुलीला तर माहीत असतं की ती थकते. म्हणजे गाणं पहिल्याच ओळीत तिच्याशी खोटं बोलतं. तक्रारीचं गाणं तिची दमणूक मान्य करतं आणि त्यानंतर ती मैदानावर उभी आहे एवढं दाखवतं. उरलेलं ती स्वतः समजून घेते. 'हानिकारक बापू'ची मर्यादाही इथेच आहे. त्यातला सराव बापानं लादलेला आहे. मुली सोसतात, खेळत नाहीत. कुस्तीचा एकही डाव त्या गाण्यात नाही. सरावाचा त्रास आहे, सरावातलं कसब नाही. आम्हांला दोन्ही हवं होतं.

कसब कवितेत कसं येतं हे पाहायला उर्दूच्या शिक्षिकेला लांब जावं लागत नाही. नज़ीर अकबराबादी (१७३५–१८३०) यांची 'आगरे की तैराकी' ही नज़्म आहे. यमुनेत पोहणाऱ्यांचा मेळा त्यांनी वर्णिला आहे. पोहण्याचे निरनिराळे प्रकार, पोहणाऱ्यांच्या करामती, काठावरची गर्दी, एकामागून एक पाहत कवी पुढे जातो. पोहणं किती थोर आहे हे सांगण्यात तो वेळ घालवत नाही. कोण कसा पोहतो हे सांगतो आणि वाचणाऱ्याला पाण्यात उतरावंसं वाटतं. इस्माईल मेरठी यांनी मुलांसाठी लिहिलेल्या 'हमारी गाय', 'पनचक्की' या नज़्माही याच जातीच्या, वस्तूकडे नीट बघणाऱ्या. आणि मराठीत तर आमच्या कुंडलचाच वारसा आहे. शाहीर शंकरराव निकम प्रतिसरकारच्या दिवसांत गावोगाव पोवाडे गात. पोवाड्याचं बळ कशात असतं? कोण, कुठून, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेनं गेला या तपशिलात. तपशील काढून घेतला तर पोवाड्यात फक्त 'जी जी' उरेल. आमच्या शाळांतल्या प्रेरणागीतांत तेवढंच उरलं आहे.

आता आमचं गाणं. ते रचण्याआधी पंधरा दिवस आम्ही काही रचलं नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, त्यामुळे सरावही चिखलातच. रोजच्या सरावानंतर दहा मिनिटं मुली वहीत एकेक वाक्य लिहीत. अट अशी, की जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'आज खूप मेहनत केली' हे वाक्य बाद. 'आज तिची चप्पल चिखलात रुतली' हे वाक्य चालेल. पहिले चार दिवस बहुतेक वाक्यं बादच झाली, कारण शाळेनं मुलींना निबंधाची भाषा शिकवलेली असते. पाचव्या दिवसापासून वही भरू लागली. काही वाक्यं दखनीत होती, काही उर्दूत, काही मराठीत. गाणं मराठीत करायचं मुलींनीच ठरवलं, कारण मैदानावर पंचांपासून समोरच्या संघापर्यंत सगळे मराठीच बोलतात आणि 'त्यांनाबी कळू दे' असं त्यांचं म्हणणं पडलं.

ध्रुवपद असं झालं :

पाठीमागून पाऊल येतं,
कान तिकडं, डोळा पुढं;
हात लागला, शब्द आला,
ऊठ आता! — खो!

खो-खो न खेळलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पट्टीवर आठ चौकांत बसतात. एकीचं तोंड पूर्वेला तर शेजारणीचं पश्चिमेला. नववी पळत असते. तिला दिशा बदलता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारी मुलगी ओळीच्या पलीकडे गेली, की हिनं बसलेल्या एखादीच्या पाठीमागून तिला हात लावून 'खो' म्हणायचं आणि तिची जागा घ्यायची. हात आणि शब्द दोन्ही हवेत. बसलेली मुलगी हात लागण्याआधी उठली तर तो नियमभंग. शिट्टी होते, लय तुटते आणि पळणारीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. म्हणजे या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट पळणं नाही, उठण्याची घाई झालेली असताना बसून राहणं आहे. समोर पळणारी मुलगी हाताच्या अंतरावरून निघून जात असते, आणि हिनं मागून येणाऱ्या हातावर भरवसा ठेवून वाट पाहायची असते.

ध्रुवपदात एवढंच आहे. 'एकजूट' हा शब्द त्यात नाही. आधीच्या गाण्यात तो चार वेळा होता. पण मागून येणाऱ्या पावलाकडे कान लावून बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आली, की एकजुटीचं वेगळं नाव घ्यावं लागत नाही. 'कान तिकडं, डोळा पुढं' ही ओळ एका मुलीच्या वहीतली जशीच्या तशी आहे. मला ती सुचली नसती, कारण मी कधी चौकात बसलेले नाही.

पहिलं कडवं :

फक्की सारी वाहून गेली,
चौक कुठला कळेना;
दप्तरं मांडली आठ ओळीत,
बसलो चिखलात — खो!

एका दुपारी पावसानं मैदानावरची फक्की धुऊन नेली. पुन्हा आखायला फक्की शिल्लक नव्हती. मुलींनी पावलांनी अंतर मोजून आठ दप्तरं ठेवली, कुणाच्या कुठं बसायचं ते पाहून घेतलं, मग दप्तरं उचलून तिथं बसल्या. यात 'अडचणींवर मात' असा शब्द घालायचा मोह मला झाला होता. घातला असता तर कडवं तिथंच मेलं असतं. कारण 'मात' म्हटल्यावर ऐकणारा दप्तरांकडे पाहणं सोडून देतो. त्याला अर्थ मिळालेला असतो, चित्राची गरज राहत नाही.

दुसऱ्या कडव्यावर मला सर्वांत जास्त लिहायचं आहे, कारण खऱ्या क्षणांचं गाणं करण्यातला धोका तिथं आहे.

तिसरीवाली आधीच उठली,
शिट्टी वाजली, डाव तुटला;
दुसऱ्या दिवशी तिसरीवाली
बसून राहिली — खो!

तिसऱ्या चौकात बसणारी मुलगी आमच्या संघातली सगळ्यांत चपळ. चपळाई हाच तिचा दोष, हात लागायच्या आत ती उठायची. एका सराव सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात ती अशीच उठली आणि हाताशी आलेला गडी सुटला. मुलींनी तिला खूप बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली, पण चौकात बसायला तयार नव्हती. त्याच दिवशी वहीत तीन मुलींनी हा प्रसंग लिहिला होता.

गाण्यात तो घ्यायचा का? खरा होता, महत्त्वाचा होता, खेळाच्या गाभ्यातला होता. पण खरेपणाच्या नावाखाली एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीची चूक अकरा जणींच्या तोंडी कायमची बसवण्याचा अधिकार मला होता का? घोषणेच्या गाण्यात हा प्रश्न येत नाही, ते कुणाला दुखवत नाही, कारण ते कुणाला ओळखतच नाही. खऱ्या क्षणाचं गाणं माणसाला ओळखतं, म्हणून ते टोचूही शकतं. मी तो प्रसंग बाजूला ठेवला आणि त्या जागी 'आम्ही उठलो आधीच' असं सर्वांच्या नावे लिहून पाहिलं. मुलींना वाचून दाखवलं. तिसरीवालीच म्हणाली, "मॅडम, आम्ही सगळ्या कुठं उठलो? मीच उठले. मेरा है तो मेराच लिखो. पन दुसरे दिन मैं बैठी, वो भी लिखो."

कडव्याचा उत्तरार्ध तिचा आहे. कलेच्या दृष्टीनं पाहिलं तरी तिचं म्हणणंच बरोबर होतं. 'आम्ही'मध्ये चूक पातळ झाली होती आणि चुकीबरोबर दुरुस्तीही. 'तिसरीवाली' हा शब्द दोनदा येतो, पहिल्यांदा उठते आणि दुसऱ्यांदा बसते. सगळी गोष्ट त्या दोन क्रियापदांत आहे. तिनं निर्धार केला, जिद्द धरली, असं काही म्हटलेलं नाही. बसून राहिली. आणि नेमकं त्या 'बसून राहिली'नंतर 'खो' येतो. गाताना तिथं मुली मुद्दाम थांबतात, एक ठोका जाऊ देतात, मग ओरडतात. ही विश्रांती मी लिहिलेली नाही. ती गाता गाता आली.

इथं नावांचाही प्रश्न सुटला. पोवाडा नावं घेतो, आपण का घेतली नाहीत असं एका सहशिक्षकांनी विचारलं. घेतली असती तर त्या वर्षीच्या मुलींना आनंद झाला असता, पण पुढच्या वर्षी त्या नावांना मैदानावर कुणी उरलं नसतं. चौकाची जागा मात्र उरते. दरवर्षी तिसऱ्या चौकात कुणीतरी बसणार, आणि तिलाही कधीतरी आधी उठावंसं वाटणार. शिवाय पोवाड्यातला वीर गावाला माहीत असतो. शाळकरी मुलीला थोडा आडोसा हवा असतो. 'तिसरीवाली' म्हणजे कोण हे संघाला कळतं, कडेला उभ्या असलेल्यांना कळत नाही. तेवढा पडदा योग्य वाटला.

तिसरं कडवं खांबाचं. पट्टीच्या दोन टोकांना दोन खांब असतात आणि पाठलाग करणारीला दिशा बदलायची तर खांबापाशी जाऊनच बदलता येते. पळणारी खांबाच्या आसपास घोटाळते ती याचसाठी. एका हातानं खांब धरून, अंग झोकून, दुसऱ्या हातानं तिला टिपायचं, याला खांबावरचा सूर म्हणतात. ओल्या खांबावर हात घसरतो.

खांब धरला, हात घसरला,
गुडघ्याखाली खरचटलं;
हळद लावली, ओढणी बांधली,
पुन्हा खांबाशी — खो!

हे कडवं चांगलं आहे, पण सगळ्यांत कमी आमचं आहे. गुडघा फुटणं आणि पुन्हा उभं राहणं ही गोष्ट खरी असली तरी सगळ्या खेळांची आहे. माझ्याच कसोटीला ते अर्धंच उतरतं. ते वाचवते ती ओढणी. ती एकीची होती आणि बांधली दुसरीच्या पायाला. ते ओळीत यायला हवं होतं, आलं नाही. मात्रांची अडचण होती असं मी तेव्हा म्हटलं. खरं तर मी आळस केला.

चौथं कडवं राखीव मुलींचं. संघात बारा, खेळणाऱ्या नऊ. उरलेल्या तिघींचं प्रेरणागीतात कधीच काही नसतं. 'आपण सारे' म्हणताना त्याही गातात, पण कडेला बसून. आमच्याकडे त्यांच्या हाती घड्याळ असे आणि त्या उरलेले सेकंद ओरडून सांगत. माझा पहिला मसुदा असा होता :

बाहेर तिघी, हाती घड्याळ,
मिनिटं मोजून ओरडती;
त्यांच्या आवाजावर आम्ही
श्वास पेरतो — खो!

'श्वास पेरतो' मला फार आवडलं होतं. मुली ते गाताना अडखळत. एकीनं विचारलं, "श्वास पेरतात कसा?" मला उत्तर देता आलं नाही. ती ओळ मैदानावरची नव्हती. कवितांच्या पुस्तकांतून उचललेल्या सवयीतून आली होती. घोषणा टाळली म्हणजे काम संपत नाही हे मला तिथं कळलं. घोषणेची जागा घ्यायला सुंदर शब्द टपलेलेच असतात, आणि तेही तितकेच कुणाचेही असतात. शेवटी झालं ते असं :

बाहेर तिघी, हाती घड्याळ,
'तीस उरले' ओरडती;
'तीस उरले' ऐकून आतली
वाकून धावली — खो!

वाकून धावणं हे शिकवावं लागतं. दमलेली मुलगी ताठ होते. ताठ झाली की खो द्यायला खाली हात पोचायला वेळ लागतो. राखीव मुलींचा आवाज आला की वाकायचं, असा आमच्या सरावाचा ठरलेला इशारा होता. म्हणून या कडव्यात बाहेरच्या तिघी खेळाच्या आत आहेत, आणि त्यासाठी 'तुम्हीही आमच्याच' असं म्हणावं लागलं नाही.

चालीविषयी थोडं. सुरुवातीला मी ओळी लांब केल्या होत्या, गझलेच्या सवयीनं. मैदानाला फेऱ्या मारताना मुली त्या म्हणू लागल्या आणि दुसऱ्या फेरीत निम्म्या गप्प झाल्या. श्वास पुरत नव्हता. तेव्हा ओळ दोन-चार पावलांत संपेल एवढी तोडली. जिथं श्वास घ्यायचा तिथंच ओळ मोडली. वृत्त म्हणून पाहिलं तर मात्रा सगळीकडे सारख्या नाहीत, एखाद्या ओळीत शब्द ओढावा लागतो. पण डावा पाय पडतो तिथं ठोका आणि चौथ्या ओळीअखेर टाळीबरोबर खो, एवढं सांभाळलं की चालतं. पळताना म्हणता आलं नाही तर ते गाणं व्यासपीठाचं आहे, संघाचं नाही.

शेवटच्या कडव्यावर भांडण झालं. मला वाटत होतं, शेवटी तरी जिंकण्याची गोष्ट यावी. मी 'जिंकू आम्ही, हरणार नाही' अशी ओळ घातली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी हेच म्हणालो आणि पहिल्याच फेरीत हरलो." दुसरी म्हणाली, "समोरच्याबी हेच म्हणणार. मग अल्लाह किसकी सुनेगा?" सगळ्या हसल्या आणि ओळ गेली. वहीत शोधता शोधता हे सापडलं :

अंधार पडला, पोरी निघाल्या,
चपला शोधत चिखलात;
एकीची चप्पल दुसरीच्या पायात,
उद्या सकाळी — खो!

इथं गाणं संपतं. विजयावर नाही, घरी जाण्यावर. चुकून दुसरीची चप्पल घालून गेलेली मुलगी सकाळी ती परत करायला तरी येणारच. गाण्यात भविष्याबद्दल एवढंच आश्वासन आहे आणि ते पाळता येण्याजोगं आहे. जिंकण्याचं आश्वासन मुलींच्या हातात नसतं. उद्या मैदानावर येणं बरंचसं असतं. तेही पूर्ण नसतं, हे मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. आठवीनंतर संघातल्या निम्म्या मुली वेगवेगळ्या कारणांनी मैदानावर दिसत नाहीत. म्हणून 'उद्या सकाळी' हे दोन शब्द मला दिसतात त्याहून जड वाटतात. पण ते जडपण मी गाण्यात सांगितलेलं नाही आणि सांगू नये.

आता या गाण्याचे दोष. एक, बाहेरच्याला ते अर्धं कळतं. स्पर्धेच्या ठिकाणी एका परीक्षकांनी विचारलं, 'यात प्रेरणा कुठं आहे?' त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हे गाणं प्रेक्षकांसाठी नाही, आणि शाळेला प्रेक्षकांसाठीही गाणं लागतं. दोन, ते लवकर जुनं होतं. पुढच्या वर्षी फक्की मुबलक होती आणि नव्या मुलींना दप्तरांचं कडवं म्हणजे ऐकीव गोष्ट वाटली. तेव्हा आम्ही ठरवलं की ध्रुवपद आणि तिसरीवालीचं कडवं कायम ठेवायचं, बाकीची कडवी दरवर्षीच्या वहीतून नवी करायची. ध्रुवपदात खेळाचा नियम आहे, तो जुना होत नाही. तीन, असं गाणं शिक्षकाच्या हातात काठीही होऊ शकतं. एखादी मुलगी चुकली की 'तिसरीवाली' म्हणून तिला हिणवणं सोपं आहे. मी स्वतः एकदा तसं केलं आणि मुलींनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा थांबले.

गाणं लागू पडलं हे कसं ओळखायचं? जोरात गायलं जातं यावरून नाही. घोषणाही जोरात गातात. मी दुसरी एक खूण धरते. गाण्यातली ओळ सरावात बोलण्यात येते का? आमच्या मैदानावर एखादी आधी उठायला लागली की शेजारची हळूच 'दुसऱ्या दिवशी' एवढंच म्हणते, आणि ती बसते. फक्की कमी पडली की कुणीतरी दप्तर पुढं करतं. गाणं भाषेत मुरलं की ते गाण्याची गरजही कमी होते.

त्या वर्षी आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. गाण्यानं सामने जिंकता येत नाहीत. समोरचा संघ सरस होता, त्यांची पळणारी मुलगी आमच्या चौघींना हुलकावण्या देऊन गेली. परतताना वडाप जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मुली बराच वेळ गप्प होत्या. जुनं गाणं असतं तर ते त्या वेळी म्हणता आलं नसतं. 'हरणार नाही' असं हरून आल्यावर कोण म्हणणार? किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर कुणीतरी हळू आवाजात सुरू केलं, ध्रुवपदापासून नाही, 'अंधार पडला'पासून. बाहेर अंधार पडलेलाच होता. 'उद्या सकाळी'पाशी जीपचा चालकही मागे वळून बघत होता. खो मात्र त्या दिवशी कुणी ओरडलं नाही, नुसतं म्हटलं. सकाळी मैदानावर बारापैकी दहा आल्या होत्या. तिसरीवाली आधीच येऊन चौकात बसली होती.